चित्र खरं असेल, पण वरच्या ओळी कुठे आहेत?

*आमच्या गायनगटाची वर्गणी माझ्या मैत्रिणीकडे जमा असते. परवा गटावर कुणीतरी एक स्क्रीनशॉट फॉरवर्ड केला. त्यात ती म्हणते, पैसे मी वापरले, कुणाला काही सांगू नकोस. तेव्हापासून सगळे तिच्याशी तुटक वागताहेत. मी तिला अजून काही विचारलेलं नाही, विचारायची भीती वाटते. मी चित्र मोठं करून अक्षर न् अक्षर पाहिलं, कुठे खाडाखोड दिसत नाही. मग ते खरंच असेल का? तुमच्याकडेही पाठवते आहे. हे ओळखायचं कसं?*
*– गटातलीच एक*

ताई,

चित्र मी दोन दिवस उघडून पाहते आहे. त्यातले शब्द तुमच्या मैत्रिणीचेच असावेत असं मला वाटतं. पण त्या शब्दांचा जो अर्थ तुमच्या गटाने लावलाय, तो या चित्रातून निघत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

आधी खाडाखोडीबद्दल बोलते, कारण तुम्ही सगळा वेळ तिथेच घालवलात आणि तिथे फार काही सापडणार नव्हतं. व्हॉट्सॲपवरून चित्र गेलं की ते दाबून लहान केलं जातं. त्यात अक्षरांच्या कडा धुरकट होतात, आणि चित्र कधी, कुठल्या फोनवर तयार झालं याची आतली नोंदही गळून पडते. चार हात फिरून आलेल्या चित्रातला धुरकटपणा म्हणजे खाडाखोड नव्हे. उलट बाजूने पाहिलं तर ज्याला खोटं चॅट बनवायचंच आहे त्याला चित्रावर रंग फासत बसावं लागत नाही. कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये व्हॉट्सॲप उघडून, पानावरचा मजकूर बदलायची जी सोय प्रत्येक ब्राउझरमध्ये असते ती वापरली, की हवं ते वाक्य हव्या त्या नावाखाली उमटतं. त्याचा स्क्रीनशॉट स्वच्छ येतो, कारण चित्राला कुणी हातच लावलेला नसतो. म्हणून माझा नियम एकतर्फी आहे. चित्रात विसंगती सापडली तर ती पुरावा आहे. नाही सापडली तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

खाडाखोडीपेक्षा कितीतरी सोपा एक मार्ग आहे, आणि तो बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. आपल्या फोनवरच्या चॅटमधला कुठलाही मेसेज दाबून धरायचा आणि `Delete for me` निवडायचं. मेसेज फक्त आपल्या फोनवरून जातो. मागे काहीही उरत नाही. ‘हा मेसेज काढून टाकला’ अशी ओळ येते ती `Delete for everyone` केल्यावर, यात नाही. खालचे मेसेज वर सरकतात आणि चॅट पहिल्यापासून तसंच असल्यासारखं दिसतं. मग स्क्रीनशॉट घेतला तर तो शंभर टक्के अस्सल स्क्रीनशॉट असतो. जगातल्या कुठल्याही तज्ज्ञाला त्या चित्रात खोट सापडणार नाही, कारण चित्रात खोट नाहीच. खोट आहे ती गाळलेल्या ओळींत. आणि गाळायचीही गरज नसते. योग्य जागी स्क्रोल करून थांबलं, वरखाली कात्री लावली, तरी काम होतं.

म्हणून स्क्रीनशॉट हातात आला की मी ‘यात काय बदललंय’ हा प्रश्न नंतर विचारते. पहिला प्रश्न असतो, यात काय असायला हवं होतं आणि ते नाही. तुमच्या चित्राला हाच प्रश्न विचारू.

चित्रात चार मेसेज आहेत. वर मैत्रिणीचं नाव आणि फोटो. मग उजवीकडे हिरव्या चौकटीत रात्री 8:41 ला ‘मग वर्गणीच्या पैशांचं काय?’ त्याखाली डावीकडे पांढऱ्या चौकटीत 8:58 ला ‘ते मी वापरले. दुसरं काय करणार होते?’ लगेच दुसरी पांढरी चौकट, तीही 8:58 ची, ‘नको. एवढ्यात कुणाला काहीच सांगू नकोस.’ आणि शेवटी हिरव्यात 9:03 ला ‘बरं.’, पुढे दोन निळ्या टिक.

पहिली गोष्ट, हा फोन कुणाचा? टिक फक्त आपण स्वतः पाठवलेल्या मेसेजला दिसतात, आणि आपले मेसेज उजवीकडे असतात. म्हणजे चित्र मैत्रिणीच्या फोनवरचं नाही, तिला प्रश्न विचारणाऱ्या माणसाच्या फोनवरचं आहे. आणि त्या माणसाचं नाव चित्रात कुठेच नाही. दोघांतल्या चॅटमध्ये वर समोरच्याचं नाव येतं, फोन ज्याचा त्याचं कधीच येत नाही. तुमच्या गटाने एका माणसाचे शब्द नावानिशी वाचले आणि दुसरा माणूस कोण हे कुणीच विचारलं नाही. जिने किंवा ज्याने हे गटावर टाकलं तिच्या मेसेजवर `Forwarded` असं लिहिलेलं आहे, म्हणजे चित्र तिलाही आणखी कुणाकडून तरी आलेलं आहे. हा शिक्का नसता तरी त्यावरून उलटं अनुमान काढता आलं नसतं, कारण चित्र फोनमध्ये जतन करून नव्याने पाठवलं की शिक्का जातो.

वरचं नावही ओळखपत्र नव्हे. तिथे तेच नाव दिसतं जे फोनच्या मालकाने त्या नंबरला दिलेलं असतं. मी माझ्या बहिणीचा नंबर तुमच्या नावाने जतन केला तर माझ्या चॅटच्या वर तुमचं नाव येईल. फोटोचं तसं नाही, तो नंबरवाल्याने स्वतः लावलेला असतो. पण कुणाचाही फोटो उतरवून स्वतःला लावता येतोच. तुमच्या चित्रात मात्र हा संशय मी फार ताणणार नाही. ‘काय करणार होते’ हे बाईचं क्रियापद आहे. मराठीत पुरुषाला बाईच्या नावाने लिहिताना नेमकं इथेच घसरायला होतं. शिवाय तुम्ही मैत्रिणीचे जुने मेसेज नीट वाचा. ती देवनागरीत लिहिते की इंग्रजी अक्षरांत, वाक्याच्या शेवटी पूर्णविराम देते का, ‘एवढ्यात’ म्हणते की ‘इतक्यात’. यातून काही सिद्ध होत नाही, पण तिच्या नेहमीच्या धाटणीशी पार विसंगत असेल तर तुम्हाला वाचतानाच खटकेल.

आता वेळा. प्रश्न 8:41 ला आणि उत्तर 8:58 ला, मध्ये सतरा मिनिटं. माणूस जेवायला उठला असेल, फोन दुसऱ्या खोलीत असेल. सतरा मिनिटांचं अंतर ही काही विसंगती नव्हे. पण याच सतरा मिनिटांत आठ-दहा मेसेज होऊन गेले असतील आणि ते `Delete for me` ने काढले असतील, तरीही चित्र नेमकं असंच दिसलं असतं. ही शक्यता चित्रातून खोडून काढता येत नाही.

एक दुसरी शक्यता मात्र येते. व्हॉट्सॲपवर 2023 पासून आपण पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत बदलता येतो. त्यामुळे असंही होऊ शकतं की आधी साधा प्रश्न विचारायचा, समोरचीने उत्तर दिलं की आपलाच प्रश्न बदलून टाकायचा, म्हणजे तिचं उत्तर भलत्याच प्रश्नाखाली जाऊन बसतं. तुमच्या चित्रात हे घडलेलं नाही. 8:41 चा प्रश्न जास्तीत जास्त 8:56 पर्यंत बदलता आला असता आणि उत्तर आलंय 8:58 ला. शिवाय बदललेल्या मेसेजच्या वेळेशेजारी `Edited` असं उमटतं, ते इथे नाही. चित्र खरं धरलं, तर हा प्रश्न मैत्रिणीने वाचला तेव्हाही असाच होता.

आता त्या दुसऱ्या पांढऱ्या चौकटीकडे या. तिच्यातले शब्द तुम्ही पत्रात लिहिलेत, पण त्यांच्या वर काय आहे त्याचा उल्लेखच नाही, आणि गटातल्या कुणी ते नीट पाहिलं असेल असं मला वाटत नाही. ‘नको. एवढ्यात कुणाला काहीच सांगू नकोस’ या वाक्याच्या डोक्यावर, त्याच चौकटीत, एक फिकट पट्टी आहे. तिच्यात बारीक अक्षरांत `You` आणि त्याखाली ‘सरांना कळवू का?’ असं लिहिलं आहे. एखाद्या ठरावीक मेसेजला उत्तर देताना तो मेसेज ओढून धरला की मूळ मेसेज असा पट्टीत येतो. `You` म्हणजे फोनचा मालक. म्हणजे ‘सरांना कळवू का?’ हे त्या हिरव्या माणसाने स्वतः लिहिलं होतं, आणि मैत्रिणीचं ‘नको’ हे त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

तो प्रश्न चित्रात कुठे आहे? कुठेच नाही. उत्तराच्या आधी तो असलाच पाहिजे, आणि वर दिसतोय फक्त 8:41 चा मेसेज. मग दोनच शक्यता उरतात. एकतर तो 8:41 च्या आधीचा आहे आणि चित्र त्याच्या खालून सुरू केलंय, किंवा तो मधल्या सतरा मिनिटांतला आहे आणि काढून टाकलाय. मूळ मेसेज आपल्या फोनवरून काढला तरी उत्तरातली पट्टी तशीच राहते, कारण ती उत्तराबरोबरच पाठवलेली असते. यातलं काहीही असो, संभाषणाचा एक भाग तुमच्यापुढे आलेला नाही एवढं त्या पट्टीवरून ठामपणे म्हणता येतं. पहिल्या मेसेजची सुरुवातच ‘मग’ने होते हेही बघा. ‘मग’ कुणी संभाषण सुरू करताना म्हणत नाही. त्याच्या आधी काहीतरी बोलणं झालेलं आहे.

आणि चित्राचा खालचा भाग? व्हॉट्सॲपच्या पूर्ण स्क्रीनशॉटमध्ये तळाशी मेसेज टाइप करायची पट्टी असते, सगळ्यात वर फोनचं घड्याळ आणि बॅटरी असते. तुमच्या चित्रात दोन्ही नाहीत. म्हणजे वरूनही कापलंय आणि खालूनही. लोक घड्याळ-बॅटरी नीटनेटकेपणासाठीही कापतात, त्यात वाईट हेतू धरू नये. पण तळ कापल्यामुळे ‘बरं’ नंतर काही बोलणं झालं का हे कळायची वाट बंद झाली. तारखेची पट्टीही नाही. ही रात्र कालची, गेल्या महिन्यातली की गेल्या वर्षीची? तुमच्या गटात वर्गणी एकदाच जमली असेल तर फरक पडत नाही. दरवर्षी जमत असेल, तर कुठल्या वर्षीच्या पैशांबद्दल बोलणं चाललंय हेही या चित्राला माहीत नाही.

आता मी थोडी थांबते, कारण इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की मैत्रीण निर्दोष ठरली. तसं झालेलं नाही. ‘सरांना कळवू का’ हे पैशांबद्दलही असू शकतं. पैसे वापरलेत हे सरांना सांगू का, नको, कुणालाच सांगू नकोस, असाही अर्थ बसतो. किंवा वर कुणाच्या आजारपणाचं, कार्यक्रम रद्द झाल्याचं बोलणं असेल आणि ‘कुणाला सांगू नकोस’ त्याबद्दल असेल. ‘वापरले’ हा शब्द तर दोन्ही बाजूंनी वाचता येतो. स्वतःसाठी वापरले, की ज्यासाठी जमवले होते त्यासाठीच वापरले? ‘दुसरं काय करणार होते’ हा सूर मला दुसऱ्या अर्थाकडे झुकलेला वाटतो, पण सूर हा पुरावा नव्हे आणि मी तसं लिहून देणार नाही. मी एवढंच लिहून देते की या चार ओळींवर कुणी कुणाला चोर ठरवू नये, कारण तिसरी ओळ ज्या प्रश्नाचं उत्तर आहे तो प्रश्नच तुमच्यापासून दडलेला आहे.

ही गोष्ट मला इतकी लागते याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी लिहिलेलं एक वाक्य असंच कापून फिरलं होतं. नातेवाइकांच्या एका गटात मी ‘मला त्यांच्याशी काही घेणंदेणं नाही’ असं लिहिलं होतं. ते एका जुन्या हिशोबाबद्दल होतं, की माझ्याकडून कुणाचं येणं नाही आणि कुणाचं देणं नाही. वरचा प्रश्न कापून ते वाक्य एका आजारी माणसाच्या घरी पोचलं. त्या दिवसांत सगळ्यात अवघड काय होतं सांगू? मला ‘हे मी लिहिलंच नाही’ असं म्हणता येत नव्हतं. शब्द माझे होते. पूर्ण बनावट चॅट असतं तर मी एका वाक्यात नाकारलं असतं. कापलेल्या खऱ्या वाक्यापुढे माणूस खुलासे करत बसतो, आणि खुलासा करणारा ऐकणाऱ्याला अपराधीच वाटतो. तुमची मैत्रीण आत्ता गप्प असेल, तर त्या गप्प बसण्यावरूनही काही ठरवू नका.

तर आता काय करायचं. या चॅटची दुसरी प्रत अस्तित्वात आहे, आणि ती तुमच्या मैत्रिणीच्या फोनमध्ये आहे. हिरव्या माणसाने त्याच्या फोनवरून `Delete for me` ने जे काही काढलं असेल ते तिच्या फोनवर जसंच्या तसं असणार. म्हणून चित्र आणखी मोठं करून बघण्यापेक्षा तिच्याकडे जा. फोनवर नको, समोरासमोर. ‘तू असं केलंस का’ असं विचारू नका. ‘हे चित्र फिरतंय, तुझ्याकडे त्या रात्रीचं पूर्ण बोलणं आहे का, मला दाखवशील का’ असं विचारा. तिच्या फोनवर बाजू उलट्या असतील, तिचे मेसेज उजवीकडे. ‘सरांना कळवू का?’ ही पट्टी तिच्याकडे बोटाने दाबली की मूळ मेसेज जिथे असेल तिथे चॅट आपोआप जातं. तिथून वर आणि खाली निवांत वाचा. तारीख बघा. वर तिच्यासमोर आलेल्या नावावर दाबून नंबर बघा, म्हणजे हिरवा माणूस कोण तेही कळेल, अर्थात तिची दाखवायची तयारी असेल तर.

तिने स्क्रीनशॉट काढून दिला तर त्यालाही हाच नियम लागू होतो. तोही कापता येतो, तिच्याही फोनवर `Delete for me` आहे. म्हणून चित्राऐवजी फोन हातात घेऊन वाचणं बरं. ते जमत नसेल तर तिला स्क्रीनचा व्हिडिओ करायला सांगा. सुरुवात चॅटच्या यादीपासून, मग चॅट उघडणं, नंबर दाखवणं, आणि त्या दिवसाच्या पहिल्या मेसेजपासून शेवटपर्यंत हळूहळू स्क्रोल. मजकुराची फाइल काढायची सोय व्हॉट्सॲपमध्ये आहे, पण ती साधी अक्षरांची फाइल असते आणि कुणालाही उघडून बदलता येते, म्हणून वादाच्या प्रसंगी मी तिच्यावर विसंबत नाही.

प्रकरण याच्याही पुढे गेलं आणि गटाने दोघांना समोर बसवायचं ठरवलं, तर दोन्ही फोन शेजारी ठेवून त्या रात्रीचे मेसेज एकेक करून ताडायचे. वेळेत एखाद्या मिनिटाचा फरक चालतो. जो मेसेज एका फोनवर आहे आणि दुसऱ्यावर नाही, तो दुसऱ्या फोनवरून काढला गेलाय असं बहुतेक वेळा समजावं. चालू चॅटमध्ये मागच्या तारखेचा मेसेज आतून घुसवणं सामान्य माणसाला जमणारं नाही, काढून टाकणं मात्र सगळ्यांना जमतं. म्हणून दोन्ही प्रतींची बेरीज मूळ संभाषणाच्या सगळ्यात जवळ जाते. दोघांनी एकच ओळ काढली असेल तर ती कुणालाच दिसणार नाही, पण ज्यांचं आपसांत पटत नाही असे दोघे एकच ओळ काढतील हे संभवत नाही.

गटावर मधल्या काळात काय लिहायचं हेही सांगते, कारण तुम्ही गप्प राहिलात तर तुमचं गप्प बसणंही होकार म्हणून मोजलं जाईल. मैत्रिणीची बाजू घेऊ नका, तुम्हाला अजून काही माहीत नाही. एवढंच लिहा: ‘या चित्रात तिसऱ्या मेसेजवर एक पट्टी आहे, “सरांना कळवू का?” तो मूळ मेसेज चित्रात नाही. ज्यांच्या फोनवरचं हे चित्र आहे त्यांनी कृपया त्याच्या वरचं बोलणंही टाकावं. तोपर्यंत हे पुढे पाठवू नये.’ मग कोण काय उत्तर देतं ते बघा. प्रामाणिक माणूस वरचं टाकेल, किंवा त्यात दुसऱ्याचं खाजगी काही आहे म्हणून टाकत नाही असं तरी स्पष्ट सांगेल.

वर्गणीचा हिशोब हा याहून वेगळा विषय आहे, तो या चित्रात अडकवू नका. पैसे कुठे खर्च झाले हे पावत्या आणि खात्याची नोंद सांगेल, आणि ते विचारायचा गटाला चित्र असो नसो हक्क आहेच.

आणि मैत्रिणीकडे जायला उशीर करू नका. बऱ्याच जणांनी चॅटवर मेसेज आपोआप नाहीसे व्हायची सोय लावून ठेवलेली असते, 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवसांची. त्या दोघांपैकी कुणीही ती त्या रात्रीच्या आधी सुरू केलेली असेल तर मैत्रिणीच्या फोनवरची प्रतही मुदत संपली की जाणार. आज भेटलात तर तिला आधी नावावर दाबून `Disappearing messages` समोर काय लिहिलंय ते बघायला सांगा. तिथे `Off` नसेल, तर बाकी बोलणं नंतर. आधी त्या रात्रीचं चॅट व्हिडिओत उतरवून घ्या.